बदामाचं पान गळण्याआधी लाल का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर सरत आला की गोव्यात शाळांच्या आवारातली, देवळांच्या बाजूची, किनाऱ्यालगतची बदामाची झाडं रंग बदलू लागतात. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणातही एक आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे या दिवसांत मुलं लाल पान हातात घेऊन येतात आणि दर वर्षी तेच प्रश्न विचारतात. शेजारचे कुळागरवालेही विचारतात, पण त्यांचा रोख वेगळा असतो: झावळी पिवळी पडली ती वयानं की रोगानं, आणि पातेरा जाळावा की ठेवावा. दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

इथे बदाम म्हणजे देशी बदाम, टर्मिनालिया कटापा. सुक्या मेव्यातला बदाम वेगळ्या कुळातला. आपला राज्यवृक्ष माट्टी मात्र याच्याच वंशातला आहे.

गोव्यात बर्फ नाही, कडाक्याची थंडी नाही. मग पानगळ कशासाठी?

पाण्यासाठी. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरच्या परतीच्या सरी ओसरल्या की पुढे मे अखेरपर्यंत आभाळ कोरडंच. जांभ्याच्या जमिनीतून पाणी झपाट्यानं निघून जातं. पान हिरवं असेपर्यंत त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ निघतच राहते. मुळांना जेवढं पाणी मिळतं त्यापेक्षा पानांतून जास्त जाऊ लागलं, की पानं उतरवणं झाडाला परवडतं.

यातून एक कोडं सुटतं. सावर, पांगारा ही झाडं पाण्याची सर्वांत ओढ असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. बरीच झाडं पावसाचा थेंब पडण्याआधीच नवी पालवी धरतात. हे पाणी कुठून आलं? पानं गळाली की वाफेनं जाणारं पाणी थांबतं, मुळं खोलवरून जे थोडंफार ओढतात ते खोडात साठतं, आणि कळ्या फुटण्यापुरता ओलावा तयार होतो.

युरोप-अमेरिकेतल्या झाडांना लहान होत जाणारा दिवस आणि गारठा इशारा देतात. आपल्याकडे दिवसाच्या लांबीतला फरक कमी, त्यामुळे पाण्याची ओढ आणि पानाचं वय यांना जास्त महत्त्व. इशारा वेगळा असला तरी पानाच्या आत पुढे जे घडतं, ते दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं.

पिवळा रंग अचानक कुठून येतो?

तो आधीपासून पानातच असतो. कॅरोटिनॉइड या गटातली रंगद्रव्यं, म्हणजे मुख्यतः ल्युटिन आणि बीटा कॅरोटिन, कोवळ्या पानापासून हरितद्रव्याच्या शेजारी काम करत असतात. ती थोडा प्रकाश टिपतात, आणि जास्तीच्या प्रकाशानं होणारी इजा अडवतात हे त्यांचं त्याहून मोठं काम. पण हिरवा रंग इतका दाट असतो की पिवळा दिसत नाही. हिरवा उतरला की तो उघडा पडतो.

कॅरोटिनॉइडही थोडी मोडतात, पण सावकाश. याचं एक कारण पुढच्या गोष्टीशी जुळतं: त्यांच्यात नत्र नसतो. त्यांच्या रेणूंत फक्त कार्बन, हायड्रोजन आणि काहींत थोडा ऑक्सिजन. कार्बन झाडाला हवेतून कधीही मिळतो. तो वाचवण्यासाठी धडपडण्यात त्याला फारसा लाभ नाही.

हरितद्रव्य जातं तरी कुठे?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण विज्ञानालाही याचं उत्तर बरीच वर्षं सापडत नव्हतं. हरितद्रव्य नाहीसं होताना डोळ्यांना दिसतं, पण त्याचे तुकडे पानात कुठे शोधावेत ते कळत नव्हतं. कारण साधं होतं: शेवटचे तुकडे रंगहीन असतात. रंगद्रव्याचा शोध रंगावरून घेणाऱ्यांना ते दिसणार कसे? 1991 साली बार्लीच्या पानांतून असा पहिला रंगहीन तुकडा ओळखला गेला आणि मग साखळी उलगडत गेली.

हरितद्रव्याचा रेणू म्हणजे एक कडं, कड्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू, आणि कड्याला जोडलेली एक लांब शेपटी. मोडणी क्रमानं होते. आधी मधला मॅग्नेशियम काढला जातो. मग शेपटी छाटली जाते. त्यानंतर एक एन्झाइम ऑक्सिजनच्या मदतीनं कडं फोडतं आणि ते उघडतं. कडं उघडलं की हिरवेपणा संपला. मधल्या टप्प्यावरचा एक तुकडा अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. पुढे तो पेशीतल्या रसकोशात ढकलला जातो आणि तिथल्या आम्लात त्याचं रंगहीन रूप होतं.

निळसर चमकणारे असे तुकडे पिकत्या केळ्याच्या सालीतही सापडले, 2008 साली. हिरवी साल पिवळी होताना आत जे चालतं, ते पानाच्या पिवळं होण्याचंच भावंड आहे. नोटा तपासायचा अतिनील दिवा मिळाला तर अंधाऱ्या खोलीत पिकलेलं केळं त्याच्याखाली धरून पाहा.

मेंडेलच्या वाटाण्याची गोष्टही इथे येऊन मिळते. पिवळे दाणे आणि हिरवे दाणे यांचे संकर त्यानं केले, ते आपण सगळे शाळेत शिकलो. 2007 साली कळलं की हिरव्या दाण्यांत बिघडलेलं जनुक हे हरितद्रव्याच्या मोडणीतलं जनुक आहे. मॅग्नेशियम काढण्याचं काम त्याच्याशी बांधलेलं आहे, हे त्यानंतर स्पष्ट झालं. थोडक्यात, मेंडेलचा हिरवा दाणा म्हणजे वाळूनही हिरवेपणा न सोडणारा दाणा.

एवढा खटाटोप हरितद्रव्यातला नत्र परत मिळवण्यासाठीच ना?

असं वाटतं खरं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. पण ते चारही त्या रंगहीन तुकड्यांत अडकून रसकोशात राहतात आणि पानाबरोबर खाली पडतात. झाड ते परत घेत नाही. पानातल्या एकूण नत्रापैकी हरितद्रव्यात जेमतेम दोन टक्के असतो, त्यामुळे नुकसानही फार नाही.

मोठा साठा प्रथिनांत आहे. पानातला सुमारे तीन चतुर्थांश नत्र हरितलवकांत असतो आणि त्यातला मोठा वाटा रुबिस्को या एकट्या प्रथिनात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं ते हेच. शिवाय हरितद्रव्याला धरून ठेवणारी प्रथिनं आहेत. ती मोडायची तर त्यांच्यातलं हरितद्रव्य मोकळं होतं, आणि मोकळं हरितद्रव्य धोकादायक असतं. प्रकाश ते टिपतच राहतं, पण ती ऊर्जा पुढे न्यायला यंत्रणा उरलेली नसते. मग ऑक्सिजनचे जळजळीत प्रकार तयार होतात आणि पेशी आतून भाजते.

म्हणून हरितद्रव्य आधी निकामी करावं लागतं. घर पाडताना कौलं-वासे उतरवण्याआधी विजेचं कनेक्शन तोडतात, तसं. रंग जाणं हा त्या तोडणीचा बाहेरून दिसणारा भाग आहे. झाडाची खरी कमाई रंग नसलेल्या प्रथिनांतून होते.

मग झाड नेमकं किती परत घेतं?

जगभरच्या अनेक झाडांची सरासरी पाहिली तर नत्र आणि स्फुरद यांचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग पान गळण्याआधी फांदीत परत जातो. झाडागणिक, जमिनीगणिक फरक खूप. पालाशही चांगला हलतो. कॅल्शियम मात्र जवळजवळ सगळा पानातच राहतो, कारण अन्नवाहिन्यांतून त्याला उलट्या दिशेनं नेता येत नाही.

हे मोजताना एक चूक हमखास होते, ती आकड्यांतून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा, बदामाच्या एका हिरव्या पानाचं वाळवलेलं वजन 3 ग्रॅम आहे आणि त्यात 2 टक्के नत्र आहे. म्हणजे 60 मिलिग्रॅम. त्याच फांदीवरचं, तेवढ्याच आकाराचं गळालेलं पान वाळवून तपासलं तर 1 टक्का नत्र निघाला. घाईत माणूस म्हणेल, दोनाचा एक झाला, म्हणजे 50 टक्के परत गेला. पण गळालेलं पान पुन्हा वजन करा. ते 3 ग्रॅमचं राहिलेलं नसतं, कारण साखर आणि प्रथिनं निघून गेल्यानं तेही हलकं झालेलं असतं. समजा ते 2.4 ग्रॅम भरलं. त्याचा 1 टक्का म्हणजे 24 मिलिग्रॅम. साठातले 36 परत गेले, म्हणजे 60 टक्के. टक्केवारीची टक्केवारीशी तुलना केली तर झाडाची बचत कमी दिसते. म्हणून एकाच आकाराच्या पानांची किंवा पानाच्या ठरावीक क्षेत्रफळाची तुलना करतात.

आता झाडावर अशी 2000 पानं धरा. परत गेलेला नत्र 72 ग्रॅम. युरियात 46 टक्के नत्र असतो, त्या हिशेबानं सुमारे 155 ग्रॅम युरिया झाला. बाजारातून काही न आणता झाडानं हे स्वतःच्या पानांतून काढून घेतलं.

प्रथिनं मोडून झालेला नत्र मुख्यतः ग्लुटामिन आणि अस्पॅराजिन या अमिनो आम्लांच्या रूपात देठातून फांदीत जातो. थंड प्रदेशात तो सालीत आणि लाकडात महिनोन्महिने साठून राहतो. आमच्या अंगणातला बदाम मात्र उघडा झाल्यावर थोड्याच दिवसांत टोकांना नवी पानं फुटू लागतात, त्यामुळे इथे साठवण अल्पमुदतीचीच ठरते.

पिवळ्या पानाच्या शिरा शेवटपर्यंत हिरव्या का राहतात?

माल बाहेर जाण्याची वाट तीच आहे. पानाच्या कडा आणि शिरांमधली जागा आधी रिकामी होते. शिरांच्या भोवतीच्या पेशी शेवटपर्यंत जिवंत ठेवल्या जातात, कारण त्याच वाहिन्यांत माल भरतात. पेशीच्या आतही असाच क्रम आहे. हरितलवकं आधी मोडतात. पेशीकेंद्र आणि ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया सर्वांत शेवटी, कारण हुकूम देणारा आणि इंधन पुरवणारा आधीच गेला तर काम अर्धवट राहील. म्हणूनच याला सडणं म्हणत नाहीत. पान मरत असतं, पण शेवटच्या दिवसापर्यंत नवीन एन्झाइम तयार करत असतं.

लाल रंगाचं काय? तोही आधीपासून असतो का?

नाही, इथे गोष्ट उलटी आहे. बदामाच्या पानातला लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो पान म्हातारं होताना नव्यानं बनवला जातो. तो रसकोशातल्या पाण्यात विरघळलेला असतो, कॅरोटिनॉइडसारखा लवकांत नसतो. तो बनवायला साखर लागते, ऊर्जा लागते, प्रकाश लागतो. आठवड्या-दोन आठवड्यांत टाकून द्यायच्या पानावर झाड खर्च का करतं?

एक समजूत अशी की हे ऊन अडवण्याचं छत्र आहे. प्रथिनं उतरवण्याच्या काळात पानाची यंत्रणा अर्धवट असते. प्रकाश पडतोच आहे, पण त्याचा उपयोग करणारे भाग उतरवले गेले आहेत. पानाच्या वरच्या थरांतला लाल रंग हिरव्या-निळ्या प्रकाशाचा काही भाग आधीच पिऊन टाकतो आणि खालच्या पेशींना नत्र बाहेर काढायला वेळ मिळतो. 2003 साली काही झुडपांत यासाठी लाल रंग बनवू न शकणारी रोपं आणि नेहमीची रोपं यांची तुलना झाली. लाल रंग नसलेल्यांनी भर उन्हात नत्र कमी परत मिळवला. आपल्या जानेवारीशी हे जुळतं: पहाट गार, आभाळ स्वच्छ, आणि नऊ वाजल्यापासून लख्ख ऊन. गारव्यात पेशीतली कामं मंदावतात, प्रकाश मात्र मंदावत नाही.

दुसरी समजूत किडींविषयी आहे. लाल झाड माव्यासारख्या किडींना 'इथे अंडी घालू नका' असं सांगतं, असा तो विचार. 2001 च्या सुमारास तो पुढे आला आणि त्यावर भरपूर वाद झाले. समशीतोष्ण प्रदेशात मावा शरद ऋतूत झाडांवर अंडी घालतो, तिथे याला थोडा आधार मिळतो. आपल्या बदामाला तो तसाच लावणं मला पटत नाही.

छत्राचा विचार मला जास्त पटतो. तरी त्याची मर्यादा समोरच उभी आहे: लाल न होणारी शेकडो झाडं आपला नत्र व्यवस्थित परत घेतात. त्यांच्याकडे जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडण्याचे दुसरे उपाय असतात, कॅरोटिनॉइड त्यातच मदत करतात. लाल रंग हा अनेक उपायांतला एक आहे.

फणसाचं पान पिवळं-नारिंगी होतं, बदामासारखं लाल का नाही?

अँथोसायनिन बनवायची जनुकं असणं आणि पानाच्या म्हातारपणी ती चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फणसाच्या पानात त्या वेळी कॅरोटिनॉइडच उघडी पडतात.

तांबडी भाजी आणि भिरंड यांचा लाल रंगही हाच का?

भिरंडाचा हाच, म्हणजे अँथोसायनिनचा. तांबड्या भाजीचा नाही. तो बीटालेन नावाच्या दुसऱ्याच गटातला आहे. बीट आणि बोगनवेल यांचाही तोच. गंमत अशी की निसर्गात हे दोन्ही गट एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत. बीटालेनमध्ये नत्र असतो, अँथोसायनिनमध्ये नसतो. नत्र परत घेण्याच्या धांदलीत असलेल्या पानाला नत्र न लागणारा रंग स्वस्त पडत असणार, हा माझा अंदाज.

लाल रंगाला प्रकाश लागतो, हे घरी पाहता येईल का?

येईल. बदामाचं एखादं मोठं, सूर्याकडे तोंड केलेलं पान निवडा, ज्याचा हिरवा रंग नुकताच फिका होतो आहे. काळ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी पानाच्या वरच्या बाजूला हलक्या क्लिपनं लावा. क्लिप शिरेवर दाबू नका. शेजारच्या पानाला तशीच, पण पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी लावा, म्हणजे फरक प्रकाशामुळे पडला की क्लिपच्या दाबामुळे, हे कळेल. पान लाल झाल्यावर दोन्ही पट्ट्या काढा. काळ्या पट्टीखाली पिवळा पट्टा राहिला आणि प्लॅस्टिकखालचा भाग लाल झाला, तर उत्तर मिळालं.

मुलांकडून यात दोन चुका होतात. पान आधीच लाल झाल्यावर पट्टी लावतात. एकदा बनलेला रंग सावलीनं लगेच जात नाही. किंवा झाडाच्या आतल्या, सावलीतल्या पानावर प्रयोग करतात, जे तसंही पिवळंच होणार असतं. पट्टी न लावताही हे दिसतं: झाडाखाली पडलेल्या पानांत एखाद्यावर दुसऱ्या पानाच्या सावलीचा पिवळा ठसा उमटलेला सापडतो.

पान देठातून सुटतं कसं?

देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर आधीपासून ठरलेला असतो. पान तरुण असताना ऑक्सिन हे संप्रेरक पानाकडून फांदीकडे सतत वाहतं आणि हा थर शांत राहतो. म्हातारपणी ऑक्सिन आटतं आणि त्याच वेळी इथिलीन वायूचा परिणाम वाढतो. केळी पिकवणारा तोच वायू. मग या थरातल्या पेशी एन्झाइम सोडतात आणि त्यांना एकमेकींना चिकटवणारा पेक्टिनचा लेप विरघळतो. फांदीच्या बाजूला बुचासारखा थर तयार होऊन जखम बंद होते. वारा फक्त शेवटचा धक्का देतो.

बदामाच्या फांदीच्या टोकाला हात लावून पाहा. जुन्या पानांचे वण ओळीनं दिसतात, कडा स्वच्छ, मध्ये वाहिन्यांचे ठिपके. हिरवं पान ओढून तोडलं तर सालीची धांदोटी निघते.

तोरणातली आंब्याची पानं पिवळी न होता तशीच का वाळतात?

कारण ती म्हातारी होत नाहीत, मरतात. चवथीला बांधलेलं तोरण किंवा माटोळीतले टाळे काढताना नीट पाहा: पानं करपट हिरवी किंवा तपकिरी, पण देठाला घट्ट. पाणी तुटल्यामुळे पेशी लवकर मेल्या, मोडणीची कामं पूर्ण झाली नाहीत, माल न्यायला फांदीच उरली नाही, आणि सुटण्याचा थरही जागा झाला नाही. पावसाळ्यात वाऱ्यानं मोडून लोंबकळणारी फांदीही अशीच ओळखू येते. बाकी झाड हिरवंगार असताना तिची तपकिरी पानं कित्येक आठवडे गळत नाहीत.

म्हणून गिरिपुष्पाची हिरवी डहाळी कापून मुळाशी घातली की तिच्यातला सगळा नत्र मातीला मिळतो, आणि झाडानं स्वतः गाळलेल्या पानात त्याचा उरलेला अंशच असतो.

कुळागरात पान पिवळं पडलं तर ते वय समजावं की काही दुखणं?

तीन गोष्टी पाहतो.

पहिली, कुठलं पान. सर्वांत खालचं, सर्वांत जुनं पान सगळीकडून सारखं पिवळं होत जाऊन गळालं आणि वरचे कोंब हिरवे असतील, तर ते वय. पण खालची अनेक पानं एकदम पिवळी पडली, वाढही खुंटली, तर नत्र कमी पडतो आहे. झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देत आहे. यंत्रणा तीच, फक्त ती गरजेपोटी वेळेआधी सुरू झाली. जुन्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशी स्थिती बराच काळ राहिली तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. कोवळी पानं पिवळी आणि जुनी हिरवी असतील, तर हे म्हातारपण नव्हेच. लोहासारखी जी द्रव्यं जुन्या पानातून नव्यात सहजी हलत नाहीत, त्यांची कमतरता अशी वरून दिसते.

दुसरी, डागांभोवतीचा रंग. पिवळ्या पानावर काही ठिकाणी हिरवी बेटं राहिलेली दिसली, तर तिथे बुरशी किंवा पान पोखरणारी अळी असू शकते. त्यांच्यामुळे त्या भागात सायटोकायनिन हे संप्रेरक वाढतं आणि तेवढ्या पेशींचं म्हातारपण थांबतं. अन्न मिळत राहावं म्हणून आजूबाजूचं पान उताराला लागलं असतानाही तो तुकडा हिरवा राहतो.

तिसरी, गळालेल्या पानाचा रंग. रबराची झाडं हिवाळ्यात पिवळी-तांबूस होऊन गळतात, ते नेहमीचं. पण भर पावसात हिरवी पानं देठासकट पडू लागली आणि देठावर काळा चट्टा, त्यात चिकाचा गोठलेला थेंब दिसला, तर तो फायटोफ्थोरा या रोगकारकाचा हल्ला. अशा पानातून झाडाला काहीच परत मिळालेलं नसतं.

पिवळं पान पुन्हा हिरवं होऊ शकतं का?

एका मर्यादेपर्यंत, आणि थोड्याच वनस्पतींत. तंबाखूचा शेंडा जुन्या पानाच्या वर छाटला तर खालचं पिवळट पान पुन्हा हिरवं होऊ शकतं, कारण माल मागणारे वरचे कोंब नाहीसे झालेले असतात. सुटण्याचा थर विरघळू लागल्यावर मात्र परतीची वाट नाही.

पातेरा जाळावा की ठेवावा?

ठेवावा. झाडानं नत्र-स्फुरदातला मोठा वाटा आधीच काढून घेतलेला असतो, त्यामुळे पातेरा हे जोरदार खत नव्हे हे खरं. पण त्यात कॅल्शियम जवळजवळ पूर्ण असतो, उरलेला नत्र असतो आणि भरपूर कार्बन. जाळला तर नत्र आणि गंधक धुरावाटे जातात. राखेत कॅल्शियम, पालाश आणि बराचसा स्फुरद उरतो. ती राख उतारावर पडली असेल तर जूनच्या पहिल्या दणक्यात वाहून जाते.

ताजा पातेरा मातीत मिसळून लगेच भाजी लावू नका. त्यात कार्बन खूप आणि नत्र थोडा. तो कुजवणारे जीव मातीतलाच नत्र उचलतात आणि रोपं काही आठवडे फिकी पडतात. आमच्याकडे जुन्या पद्धतीनं तो गोठ्यात गुरांखाली अंथरतात. शेणा-मुताचा नत्र त्याला मिळतो, आणि झाडानं जे काढून घेतलं होतं त्याची भरपाई होऊन मग तो भाटात जातो. नुसता वर पसरून ठेवला तरी पोफळीच्या मुळांची ओल उन्हाळ्यात टिकते.

नवी पालवीही लालसर असते. तिचंही म्हातारपण सुरू होतं का?

नाही. आंब्याची, कुसुमाची कोवळी पालवी तांबूस असते तीही अँथोसायनिनमुळेच, पण तिथे यंत्रणा उतरवली जात नसते, उभारली जात असते. हरितद्रव्य पुरेसं झालेलं नाही, प्रथिनं जुळतायत, आणि ऊन तेवढंच कडक. उघडं काम दोन्ही वेळी असतं, आणि रंगही दोन्ही वेळी तोच. जसजसं पान जाड आणि हिरवं होतं तसा तो उतरतो. अंगणातल्या बदामाखाली फेब्रुवारीत उभं राहिलं तर पायाखाली लाल पानं असतात आणि वर टोकांना पोपटी कोंब. त्या कोंबांतल्या नत्राचा काही भाग थोड्याच दिवसांपूर्वी पायाखालच्या पानांत होता.